तिसऱ्या प्रश्नाखालची कोरी जागा

माझी पत्नी मंगळवारी सकाळी वारली. चौदावा झाल्यावर दोन दिवसांनी मी कडा गावी मुलाखती घ्यायला गेलो. मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका नेमायची होती. घेणारे दोघेच: संस्थेचे अध्यक्ष आणि मी, निवृत्त ग्रंथपाल.

दोघी उमेदवारांना तेच चार प्रश्न विचारायचे, त्या बोलतील ते त्यांच्याच शब्दांत टिपायचं, मत आणि गुण मागाहून कागद वाचून, हे मी सकाळी दोनदा बजावलं होतं. मुलाखती संपल्यावर अध्यक्षांचा कागद पाहिला. पहिलीपुढे 'तडफदार', दुसरीपुढे 'मिळमिळीत'. बस.

"मिळमिळीत म्हणजे काय बोलली ती?"

"अहो, मिळमिळीतच बोलली."

"कोणत्या प्रश्नाला?"

"सर, काहून डोकं खाता? पहिलीला घेऊन टाकू. लई धडाडी हाय तिच्यात."

मी माझा कागद वाचून दाखवला. तिसरा प्रश्न: एखादी मुलगी न सांगता निघून गेली तर काय कराल? पहिलीचं उत्तर, "मी असताना कुणी जाणारच न्हाई." गेलीच तर? "जाणारच न्हाई."

"हीच का धडाडी?" असं म्हणून मी दुसरीचा माझा कागद ओढला. तिसऱ्या प्रश्नाखाली काहीच नव्हतं. उत्तराआधी ती म्हणाली होती, "थांबा, आठवून सांगते." माझी बायको असंच म्हणायची. पुढचं मी ऐकलंच नव्हतं.

अध्यक्ष हसले. "घ्या! आता लिहा आठवंल तसं."

"आठवत नाही."

"मग शून्य द्या."

मला त्यांचा संताप आला, त्याहून माझा. टिपण माझं राहिलं आणि नोकरी तिची जाणार!

ती स्टँडवर गाडीची वाट पाहत होती. मी स्वतः जाऊन तिला परत आणलं.

"मघाशी सांगितलं की सर सगळं."

"सांगितलंत. मीच लिहिलं नाही."

"माझी आष्टीची गाडी जाईल," ती वैतागून म्हणाली, पण बसली. "आधी तिच्या मैत्रिणीला इचारीन. एकीला स्टँडवर धाडीन, घरी फोन लावीन. अर्ध्या तासात न्हाई सापडली तर पोलीस ठाणं. आन सापडली की आधी जेवू घालीन. मागं आश्रमशाळेत सैपाकाला होते, तिथली एक गेलती, घरच्या शेळ्या बघायला. मीच आणली."

मी शब्द न् शब्द उतरवला.

अहवालात प्रत्येक गुणाखाली उमेदवारांची वाक्यं घातली; दुसरीचे गुण जास्त भरले. तिसरा प्रश्न दुसरीला पुन्हा विचारला, कारण पहिल्या वेळची नोंद माझ्याकडून राहिली, हेही लिहिलं.

"आपलीच लाज कशाला काढता?" अध्यक्ष म्हणाले. "आन माझं 'तडफदार' कुठं गेलं?"

"कोणत्या वाक्यावरून ते दाखवा, घालतो."

त्यांनी पहिलीचा कागद दोनदा उलटसुलट केला आणि कुरकुरत सही केली.

दुसरी रुजू झाली. सध्या वसतिगृहात ती आणि सव्वीस मुली राहतात.