मालाची बाजू

मसाटच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लास्टिक डबे बनवणाऱ्या कारखान्यात कावेरी डिस्पॅचला कामाला होती. गाडीत माल चढला की चलन फाडायचं, ड्रायव्हरची सही घ्यायची आणि चलनाची एक प्रत वर ऑफिसात नेऊन द्यायची. बारावी कॉमर्स झालेली मुलगी शिंदखेड्याकडून लग्न होऊन तिथल्या जवळच्या आमलीत आली. नवरा नवनाथ सूतगिरणीत मशिनवर होता, तर ती अशी फाटकापाशी उन्हात उभी. वर ऑफिसात एसी होता म्हणून तिला तिथे जावंसं वाटे असं नाही. अकरावी-बारावीत असताना डेबिट-क्रेडिट तिला पटकन कळायचं. बाकीच्या पोरी रडकुंडीला येत तेव्हा हिचा ताळेबंद जुळून ही मोकळी झालेली असे. ते सगळं वाया गेलं ही रुखरुख तिच्या मनात होती.

त्या ऑफिसात भगवंत पाटील होता. अकाउंट्सचा जुना माणूस, चाळिशीचा, कावेरीच्या माहेरच्या शेजारच्या गावचा. चलन द्यायला ती पहिल्यांदा वर गेली तेव्हा तिच्या बोलण्यावरून त्याने गाव ओळखलं. "म्हणजे तू आपल्याकडचीच ना, माय," म्हणाला आणि चहा मागवला. परमुलखात आपल्या बोलीचं माणूस भेटलं की जीव कसा हलका होतो, तसं तिचं झालं. ती त्याला दादा म्हणू लागली. पहिल्याच दिवाळीत तिने त्याला ओवाळलं. त्याची बायको, विजयावहिनी, सणासुदीला डब्यातून मांडे पाठवू लागली.

टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकवायचं दादानेच काढलं. "क्लासवाल्यांना कशाला पैसे भरते? मी आहे ना." संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर कावेरी त्याच्या घरी जाई. तो बाहेरच्या दोघातिघांची हिशेबाची कामं घरून करायचा. एक लेबर कॉन्ट्रॅक्टर, एक ट्रान्सपोर्टवाला, एक सिक्युरिटी एजन्सी. त्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "यातच हात बसव. पुस्तकातल्या उदाहरणांनी काही येत नाही."

आणि हात बसला. रोख बँकेत भरली की कॉन्ट्रा, बँकेतून भाडं दिलं की पेमेंट, पार्टीकडून आलं की रिसीट, घसारा लावायचा तर जर्नल. एफ-फोर, एफ-फाइव्ह, एफ-सिक्स, एफ-सेव्हन, अशी एकेकाची बटणं. खाती उघडताना ती कुठल्या गटात टाकायची हेही दादाने नीट घोटून घेतलं. "ऑफिसचं भाडं इनडायरेक्ट एक्सपेन्सेसमध्ये. पण जागामालकाकडे ठेवलेलं डिपॉझिट खर्च नाही, ती आपली मालमत्ता, ते डिपॉझिट्सच्या गटात. गट चुकला की बेरीज जुळते आणि नफा खोटा येतो, ध्यानात ठेव." चांगला शिकवायचा तो, यात वाद नाही.

टॅलीत नवी कंपनी, म्हणजे कुणाची तरी नवी हिशेबवही, उघडली की सॉफ्टवेअर विचारतं, माल सांभाळायचा का? मेंटेन इन्व्हेंटरी, हो की नाही. दादा दरवेळी म्हणायचा, "तिथे नो कर. उगाच पसारा." एकदा तिने विचारलं, "दादा, मालाचं काय असतं त्यात?"

"स्टॉकचं. आपल्या पार्ट्यांकडे कुठे माल आहे? ट्रान्सपोर्टवाला काय विकतो? आणि आपल्या कारखान्यातही ते स्टोअरवाले बघतात. अकाउंट्सला त्याच्याशी काही घेणं नाही. सोडून दे."

तिने सोडून दिलं.

हळूहळू त्या तिन्ही पार्ट्यांची सगळी व्हाउचरं तीच टाकू लागली. दादा सोफ्यावर बसून फोन बघे आणि शेवटी एक नजर फिरवी. आपण फुकट राबतोय असं तिच्या मनातही आलं नाही. उलट नवनाथने एकदा तसं बोलून दाखवलं तेव्हा ती त्याच्यावरच चिडली. "ते शिकवतात मला. तुला नाही कळायचं."

वर्षभराने ऑफिसातली एक मुलगी नोकरी सोडून सुरतला गेली आणि जागा रिकामी झाली. मॅनेजर अनंत सरांनी नोटीस लावली: आतल्या-बाहेरच्या कुणीही अर्ज करावा, कॉम्प्युटरवर प्रॅक्टिकल परीक्षा होईल. अनंत सर मुंबईचे, कमी बोलणारे, वशिला न चालवणारे म्हणून ओळखले जात. कावेरीने अर्ज दिला आणि त्या संध्याकाळी दादाला विचारलं, "पेपर कोण काढणार?"

"हेड ऑफिसवरून येईल," दादा म्हणाला. "तू व्हाउचर आणि लेजरचे गट पक्के कर. बाकी काही बघू नको. टेन्शन घेऊ नको, तुझंच होणार."

परीक्षा रविवारी ऑफिसातच झाली. पाचसहा जणं होती. शेजारच्या टेबलावर रोशनी नावाची मुलगी होती, आमलीतल्याच एका क्लासमध्ये शिकलेली, घरी गुजराती बोलणारी. पेपर दोन भागांत होता. कावेरीने नवी कंपनी उघडली, माल सांभाळायचा का या प्रश्नावर सवयीने नो केलं आणि पहिला भाग झरझर सोडवला. कॅश क्रेडिटचं खातं बँक ओडीच्या गटात, कच्चा माल आणण्याचं भाडं डायरेक्ट एक्सपेन्सेसमध्ये, जीएसटी ड्यूटीज अँड टॅक्सेसमध्ये. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट. तिला हसू येत होतं, इतकं सोपं होतं ते.

मग तिने पान उलटलं.

दुसऱ्या भागात सगळं मालाचंच होतं. किलो आणि नग ही एककं तयार करा. 'कच्चा माल' आणि 'तयार माल' असे स्टॉक ग्रुप करा. त्यांखाली प्लास्टिकचे दाणे आणि डबे हे आयटम उघडा. दोन गोदामं दाखवा. दाणे वजन आणि दर टाकून खरेदी करा आणि त्यातले थोडे एका गोदामातून दुसऱ्यात हलवा.

तिने क्रिएट उघडलं. खात्यांची यादी आली, मालाची आलीच नाही. पुन्हा उघडलं. वर बघितलं, खाली बघितलं. आपल्या कॉम्प्युटरमध्ये ते टाकलेलंच नाही असं तिला वाटलं. सुपरव्हिजनला बसलेल्या अनंत सरांना विचारायला ती अर्धी उठली आणि तेवढ्यात रोशनीच्या स्क्रीनकडे नजर गेली. तिथे ती यादी होती. स्टॉक ग्रुप, आयटम, युनिट, सगळं. कावेरी खाली बसली. तिला तो 'नो' आठवला.

एफ-इलेव्हन दाबून सेटिंगमध्ये जाऊन तिने तो बदलला. यादी समोर आली, पण आता काय आधी आणि काय नंतर हे तिला ठाऊक नव्हतं. तिने थेट आयटमच उघडला. युनिटच्या रकान्यात एकही एकक नव्हतं, कारण ते आधी करावं लागतं. तिने 'लागू नाही' तसंच ठेवून पुढे दाबलं. मग खरेदीचं व्हाउचर काढलं, आयटम निवडला, आणि कर्सर वजनाच्या रकान्यात थांबेना. किलो टाकायचे तरी कुठे? माल हलवायला स्टॉक जर्नल नावाचं वेगळं व्हाउचर असतं, हे तर तिला फार पुढे कळलं. सरांनी वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा तिचा दुसरा भाग जवळजवळ कोरा होता.

जागा रोशनीला मिळाली.

अनंत सरांनी कावेरीला आपणहून बोलावलं. "तुमचा पहिला भाग सगळ्यांत चांगला होता," ते म्हणाले. "एकही गट चुकला नाही. पण आपला कारखाना मालाचा आहे हो. रोज दाणे येतात, डबे जातात. तेवढंच सोडून बाकी शिकलात, मला नवल वाटलं. भगवंतनीच शिकवलं ना तुम्हाला? आणि पेपरही त्यांनीच काढला होता, म्हणून मला वाटलं तुमची तयारी पक्की असणार. पेपर तुम्हाला फुटला नसेल ना, एवढीच धास्ती होती मला."

"पेपर भगवंतदादांनी काढला?"

"हो. का?"

"काही नाही, सर."

ती जिना उतरून फाटकापाशी आली. एक गाडी भरून उभी होती, ड्रायव्हर चलनासाठी खोळंबला होता. तिने चलन फाडलं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दादाने पेपर सांगायला हवा होता असं तिला एका क्षणीही वाटलं नाही. पण दुसरा भाग आपल्या हाताने लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे मी आले असणारच. अर्ज दिला त्या संध्याकाळीही मी त्याच्या घरी बसून ट्रान्सपोर्टवाल्याची व्हाउचरं टाकत होते, आणि तो म्हणाला, बाकी काही बघू नको.

त्या आठवड्यात ती त्याच्याकडे गेली नाही. शेवटी तोच आला, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून. नवनाथ घरीच होता, तो उठून आत गेला.

"काय गं, तब्येत बरी ना? रिटर्नची तारीख जवळ आली. सिक्युरिटीवाल्याचं सगळं तसंच पडलंय."

"पेपर तुम्ही काढला होता, दादा."

भगवंतने बॅग खाली ठेवली. "सरांनी सांगितलं? मग मी काय करायला पाहिजे होतं? तुला फोडायला पाहिजे होता? माझी नोकरी गेली असती."

"फोडायला नाही म्हणत मी. मालाचं सोडून दे, असं का म्हणालात? परीक्षा लागल्यावरही तेच म्हणालात."

"अगं, आपल्या पार्ट्यांकडे माल नव्हता..."

"कारखान्यात आहे. मी आणलेली चलनं तुम्हीच रोज टाकता."

त्याने बॅगेचा पट्टा सरळ केला. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "तू वर आली असती तर संध्याकाळी थकून गेली असती. मग ही कामं कोणी केली असती? दोन पोरांच्या फिया आहेत मला. आणि तुला काय कमी पडलं? शिकली ना तू? पुढच्या वेळेला बघू."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की तिला रडूही आलं नाही. त्याला आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. खोटं बोलला असता, शपथ घेतली असती, तर तिने कदाचित विश्वास ठेवला असता. ठेवायला ती तयार होती.

"मी येणार नाही आता," ती म्हणाली.

"बघ बाई. आपल्या माणसांशी असं वागू नये."

"चहा घेणार का?"

नको म्हणून तो गेला. नवनाथ बाहेर आला. मी सांगत होतो, हे वाक्य त्याच्या ओठावर आलेलं तिला दिसलं. ते त्याने गिळलं, हे मात्र तिने त्याच्या खात्यात कायमचं जमा धरलं.

त्यानंतरचं सारं संथपणे झालं. कावेरीने रोशनीलाच विचारलं, तू मला मालाचं दाखवशील का? रोशनी आधी अवघडली, मग जेवणाच्या सुट्टीत दाखवू लागली. आधी एकक, मग ग्रुप, मग आयटम, असा क्रम असतो. डझनाला बारा नग असं जोडएककही करता येतं. ऑफिसच्या दुसऱ्या कोपऱ्यात भगवंत डबा खात असे. तो कधी वर बघत नसे. विजयावहिनी बाजारात दिसली की रस्ता बदलायची. तिला काय सांगितलं गेलं होतं, कोण जाणे.

पुढल्या वर्षी आमलीत पाइप आणि नळाचं सामान विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कावेरीला अकाउंट्सची नोकरी लागली. त्याच्याकडे आयटमच आयटम होते, अर्ध्या इंचाचे, पाऊण इंचाचे, मीटरवर जाणारे, नगावर जाणारे. पहिल्याच दिवशी मालकाने व्हाउचर कसं टाकायचं ते समजावलं आणि म्हणाला, "गोदामाचं मी बघतो, ते तुम्ही राहू द्या."

"ते आधी दाखवा," कावेरी म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच कडक निघाला. मालकाने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची सरकवून दिली. बिचारा साधेपणाने बोलला होता. पण सोडून दे असं कुणी म्हटलं की ती अजूनही तेच आधी बघून घेते.

गावाकडून आईचा फोन येतो. इकडचं तिकडचं झालं की आई विचारते, "भगवंता बरा आहे ना गं? तुला केवढा आधार त्याचा."

"बरा आहे," कावेरी म्हणते, आणि पावसाचं विचारते.