भोवऱ्याखालची चार बोटं

माझ्या डोक्याची मागची बाजू मी आयुष्यातली कित्येक वर्षं पाहिलीच नव्हती. गरजच पडली नाही. ती जाऊबाईंच्या ताब्यात होती आणि त्यांची माझ्या.

आमचं घर सीपरी बाज़ारच्या मागच्या गल्लीत. खाली आम्ही, वर थोरले दीर आणि जाऊबाई. झाशीत मराठी बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात "जी सर, हो जाएगा" करून आले की जिन्यातून वर ओरडून दोन वाक्यं मराठीत बोलायची, ही माझी रोजची भूक. वरून त्याच आवाजात उत्तर यायचं. आमच्यात भांडणंही कमी झाली नाहीत, पण केस रंगवायच्या रविवारी दोघींची तोंडं बंद असायची, कारण तेव्हा एकीची मान दुसरीच्या हातात असे.

जाऊबाईंची शिस्त काय सांगावी! दोन दिवस आधी कानामागे रंगाचा टिपका लावून बघायचा, खाज आली तर रंग रद्द. मग रविवारी डोक्याचे चार भाग. कपाळापासून मानेपर्यंत एक भांग, या कानापासून त्या कानापर्यंत दुसरा, आणि चारही भागांना चाप. कानांवर, कपाळाच्या कडेला व्हॅसलिन. पुढचं ज्याचं त्यानं आरशात बघून करायचं, मागचे दोन भाग दुसरीनं. टोकदार दांड्याच्या फणीनं बोटभरही नाही एवढी पातळ आडवी बट उचलायची, मुळाशी खालून-वरून रंग लावायचा, ती बट वर उलटवून टाकायची, मग पुढची. लांबीला परत परत रंग फासायचा नाही, फक्त जी पांढरी मुळं उगवलीत तेवढीच. सगळं झालं की त्या आडव्या भांगांना छेद देत उभे भांग पाडून बघायच्या. "आडवं लावायचं, उभं तपासायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उभ्या भांगात सुटलेली पांढरी मुळं लगेच चमकतात. माझ्या डोक्यात ती नेहमी एकाच जागी सापडायची, भोवऱ्याखाली चार बोटं. तिथं केस दाट आणि हट्टी. त्यांच्याही तिथंच.

आणि एक गोष्ट. जाऊबाई कुणाचं काही फुकट घेत नसत. शेजारणीनं वाटीभर कढी दिली तर ती वाटी रिकामी परत जायची नाही, निदान चार शेंगदाणे तरी त्यात पडायचे. माझं मागचं लावून झाल्याशिवाय त्या स्वतः स्टुलावर बसायच्या नाहीत. आधी माझं, मग त्यांचं.

दीर गेले आणि त्या हिवाळ्यात मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. बरोबरच होतं त्याचं. वरचा जिना त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. मी स्टेशनवर रडले बिडले नाही, उलट डबा नीट ठेवा म्हणून त्यांच्यावरच खेकसले. मला रडू आलं ते महिन्याभरानं, चाप लावून आरशासमोर बसले तेव्हा. पुढचं झालं. मागे हात नेला आणि कळलं की मला काहीच दिसत नाहीये.

नवऱ्याला हाक मारली. बिचारे रेल्वेतून निवृत्त झालेले, सिग्नल सांभाळण्यात जन्म गेला. त्यांनी ब्रश असा धरला की जणू फाटकाला ऑईलपेंट द्यायचाय. कान रंगला, मान रंगली, बनियन रंगलं, पांढरं तेवढं पांढरंच राहिलं. वर म्हणाले, कोण बघतंय मागून. मी म्हटलं, तुम्ही उठा.

फोनवर जाऊबाईंना सहज विचारलं, तुमचं कोण करतं आता? तर म्हणाल्या, सूनबाई करते, अगदी पार्लरसारखं. झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे यांना तिथं सून आहे, आणि मी इथं बनियन धूत बसलेय. वाटलं, आता गौरींना येतील तेव्हा माझं डोकं बघून हळहळतील, बिचारी एकटी पडली म्हणतील. ती हळहळ मला नको होती. मी एकटीनं शिकायचं ठरवलं.

सोपं नव्हतं. आधी हातातला आरसा घेऊन बसले, तर एक हात आरशातच अडकला. एका हातानं बट काढायची की रंग लावायचा? आरसा तिरका झाला की हात एकीकडे आणि डोळे भलतीकडे. मग लोखंडी कपाटाच्या दारावरचा मोठा आरसा पाठीमागे घेतला, त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसले, आणि समोर डोळ्यांच्या उंचीवर दुसरा आरसा खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला. दोन्ही सरळ, समोरासमोर. दोन्ही हात मोकळे. असं केलं की उजवं उजवीकडेच दिसतं, हात चुकत नाही. पहिल्यांदा स्वतःची मान अशी समोर बघितली तेव्हा मी दचकले. आईचीच मान.

तरी भोवऱ्याखालची जागा सुटायचीच, कारण तिथं पोचेपर्यंत खांदे भरून यायचे. मग तोडगा काढला. ती जागा सगळ्यात आधी, हात ताजे असताना. मागचे दोन भाग वेगवेगळे, आधी उजवा, मग डावा. बट उचलायची ती आरशात बघून, पण मूळ शोधायचं बोटानं. अर्धं काम डोळ्यांचं नाहीच, ते बोटांचं आहे. आणि शेवटी आडव्याला छेद देत उभे भांग पाडून तपासायचं. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा आरशात एकही पांढरं मूळ दिसलं नाही. मी कपाटासमोर उभी राहून मान वळवून वळवून बघितली. सांगू नये, पण नाचायची बाकी होते.

जाऊबाईंचा फोन आला की गौरींच्या दोन दिवस आधीच येते. मला आनंद झाला. त्या यायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही आरसे लावले आणि झकास डोकं रंगवलं. दार उघडलं तेव्हा मुद्दाम अंबाडा उंच बांधला होता, म्हणजे मान नीट दिसावी.

त्यांनी बघितलं. बॅग खाली ठेवायच्या आधीच बघितलं. मला वळायला लावलं, बोटांनी केस बाजूला केले, भोवऱ्याखाली थांबल्या. कुणी केलं विचारलं. मी एकटीनं, म्हणाले, आणि आरशांची सगळी कथा रंगवून सांगितली. त्या ऐकत राहिल्या. छान झालंय म्हणाल्या, अगदी एकसारखं. मी खूश.

संध्याकाळी त्यांनी गुडघ्याची गोळी बॅगेतून काढायला सांगितली. गोळ्या वरच होत्या. खाली, टॉवेलात गुंडाळलेली, ती आमची जुनी टोकदार फणी होती. ब्रश, चाप, रंगाची दोन खोकी. एक त्यांच्या शेडचं आणि एक माझ्या.

मी गोळी घेतली आणि चेन लावली. दोन दिवस आधी त्या कशाला आल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

पूजेच्या दिवशी महालक्ष्म्यांसमोर त्या वाकल्या आणि डोक्यावरचा पदर घसरला. भोवऱ्याखाली चार बोटं पांढरीशुभ्र. आजूबाजूला रंगाचे ठिपके, जिथं जिथं हात पोचला होता तिथं तिथं. कुठली सून आणि कुठलं पार्लर! त्याही बाथरूममध्ये एकट्याच मागे हात नेत होत्या, आणि त्यांना कुणी दोन आरशांची गोष्ट सांगितली नव्हती.

रात्रीची आवराआवर झाल्यावर मी स्टूल ओढलं. म्हटलं, वहिनी, बसा, लावून देते. त्या स्टुलाकडे बघत उभ्या राहिल्या. बसतील असं मला वाटलं.

"आता कशाला? तुझं तर झालंय," म्हणाल्या.

मी आग्रह केला. चिडलेसुद्धा. पण ती रिकामी वाटी परत न करणारी बाई. माझं करायचं राहिलं नव्हतं, मग त्या कशाच्या बदल्यात बसणार? विसर्जन होताच गेल्या. माझ्या शेडचं खोकं बेसिनवरच्या फळीवर ठेवून गेल्या.

यंदा मी ठरवलं होतं. पुढचे दोन भाग रंगवले, मागचे तसेच चापात ठेवले. आरसे लावलेच नाहीत. ते जुनं खोकं तारीख बघून आधीच फेकलं होतं आणि सदर बाज़ारमधून दोन नवी आणली होती, एक त्यांच्या शेडचं. फणी त्यांच्याकडे म्हणून फणीही नवी. कानामागे टिपकाही लावून घेतला होता.

आवाहनाच्या आधी फोन आला. गुडघे फारच धरलेत, एवढा प्रवास होणार नाही, महालक्ष्म्या तूच बसव, तुला सगळं येतं. मग जे आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"वहिनी, माझं मागचं राहिलंय. मला जमत नाही."

त्या थोडं हसल्या. "जमतं गं. मी बघितलंय ना गेल्या वर्षी. एक मूळ सुटलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर नवऱ्यानं विचारलं, आरसे लावून देऊ का? मी नको म्हटलं. महालक्ष्म्या बसवल्या, नैवेद्य केला, सोळा भाज्या एकटीनं चिरल्या. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या देवळात गेले. रांगेत मागे एक मुलगी उभी होती, कॉलेजातली असावी. तिनं हळूच माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, आंटी जी, पीछे का रह गया है, किसी से करवा लीजिए.

मी पदर डोक्यावर ओढला आणि तिला म्हटलं, हाँ बेटा, जो करती थीं वो पुणे में हैं.