साफ फोटो

दिवसभर लोकांची आजारी झाडं मोबाईलवर बघायची, हे अवधूत शेंडग्याचं काम. मूळचा जतकडचा, शेतकीची पदवी घेतलेला, आता दोह्यात एका खतं-औषधांच्या कंपनीत सल्लागार. कुणाच्या काकडीवर बुरशी आली, कुणाचा टोमॅटो कोमेजला, की फोटो ह्याच्याकडे. बरं, फोटो तरी धड असावेत! एकात झाडापेक्षा अंगठा मोठा, दुसऱ्यात सगळा अंधार, तिसऱ्यात झाडच नाही, नुसती माती. बघून बघून बिचाऱ्याच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या होत्या. जेवताना फोन वाजला की त्याची बायको पूर्णिमा म्हणायची, "अहो, हातातला घास तरी गिळा. झाड काय पळून जातंय का?"

शेवटी वैतागून त्यानं सगळ्या शेतांवर एकच निरोप धाडला होता : "फोटो साफ भेजो."

तो मनापासून पाळला एकट्या हारिसनं. हारिस केरळचा, पन्नाशीला टेकलेला, कतारच्या उत्तर टोकाला, अल रुवैसच्या अलीकडे एका कतारी मालकाच्या शेतावर सुपरवायझर. तिथं सावलीच्या जाळीखाली ड्रॅगन फ्रूट लावलं होतं. सिमेंटचे खांब आणि त्यांवरून खाली लोंबणाऱ्या हिरव्या, काटेरी फांद्या. ते लावायचा सल्ला अवधूतचाच. हारिसचे फोटो रोज संध्याकाळी यायचे आणि बघून जीव थंड व्हायचा. सगळ्या देशावर धुळीचा थर, पण ह्याच्या फांद्या हिरव्यागार, लखलखीत. फळाशेजारी पांढरा कागदसुद्धा धरलेला. कॅमेरा लाल रंग उगाच वाढवतो. शेजारी पांढरं असलं की खरी लाली किती ते कळतं, हे अवधूतनंच शिकवलेलं. "माणूस असावा तर असा," असं तो ऑफिसात चारचौघांत सांगायचा.

ऑगस्टमध्ये वाऱ्यानं त्या शेतावरची जाळी एका कडेला फाटली. नैर्ऋत्येकडच्या फांद्यांवर पिवळे-पांढरे डाग पडले. मालक अबू फहद घाबरला. अवधूतनं फोटो बघून ठामपणे सांगितलं, ही सड नव्हे, ऊन लागलंय. डाग फक्त उन्हाच्या अंगाला आहेत, सावलीची बाजू स्वच्छ आहे. जाळी शिवा, झाडाला हात लावू नका, डाग वाळून त्यांवर खपली धरेल.

"इन्शाल्ला," अबू फहद म्हणाला. "लेकिन सड आया तो खलास. सब निकाल देगा. हारिस भी घर जाएगा. देखभाल उसका काम है."

म्हणजे अवधूतच्या एका शब्दावर आता बाग होती आणि हारिसची नोकरीही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी हारिसनं दोन फोटो पाठवले. एकात तीच भाजलेली फांदी, पण पिवळ्या डागाच्या कडेला तपकिरी, ओलसर पट्टा. दुसऱ्यात त्याच फांदीवरची फळं, आणि खाली प्रश्न : तोडू का? अवधूतनं फळं आधी बघितली, कारण ते सोपं होतं. साल अजून अर्धी हिरवी, खवल्यांची टोकं ताठ आणि हिरवी. नाही तोडायची. हे फळ झाडावरच गोड होतं. तोडल्यावर कितीही ठेवा, गोडी वाढत नाही. मग तो डागाकडे वळला आणि अडकला. नुसता डाग नाही, सगळी फांदीच चकाकत होती. सडकं कुठलं आणि ओलं कुठलं, फोटोत कळेना.

त्यानं फोन केला. "हारिसभाई, दबाके देखो."

"थोड़ा नरम है, साहब."

"मैं कल आता हूँ," अवधूत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चार कामं बाजूला सारून तो पिकअपनं निघाला. रस्ताभर अंग आंबून गेलं होतं, त्यात समुद्राकडची दमट हवा. शेतावर पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जाळीचं दार उघडून बघतो तर हारिस हातात पाण्याची नळी धरून एकेक फांदी धूत होता. वरपासून खालपर्यंत, म्हैस धुवावी तशी, हातानं चोळून.

"अरे, हे काय करताय?" अवधूतच्या तोंडून मराठीच निघालं.

हारिस हसला. "फोटो का टाइम, साहब. आपने बोला ना, साफ भेजो. धूल बहुत है. रोज़ साफ करता हूँ."

अवधूत तिथंच पिंपावर बसला. साफ म्हणजे स्पष्ट, हे त्याच्या डोक्यात. साफ म्हणजे स्वच्छ, हे हारिसच्या. दोघांचंही बरोबर! आणि ऊन लागून कातडी फाटलेल्या फांद्यांवर रोज संध्याकाळी पाणी. ते ह्या दमट हवेत रात्रभर तसंच मुरायचं. रोगाला आणखी काय आवतण द्यायचं? महिनोन्‌महिने तो त्या चकाकीचं कौतुक करत बसला होता. ह्या देशात झाडावर धूळ का नाही, हा साधा प्रश्न एकदाही पडू नये? स्वतःचीच त्याला चीड आली.

मग उठून त्यानं डाग दाबला. साल बोटाखाली सरकली, आत पाणी सुटलेलं, नाकाला आंबूस वास. सड. शेजारच्या खांबावर तोच प्रकार. जाळी न फाटलेल्या बाजूच्या फांद्या मात्र टणक होत्या; तिथं पाणी पडलं तरी शिरायला जखमच नव्हती.

"मेरी गलती?" हारिसनं विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

"नहीं. मेरी."

त्यानं तिथूनच अबू फहदला फोन लावला. कंपनीचा माणूस म्हणून "हवामानामुळे" असं म्हणून सुटता आलं असतं, आणि तसं वाटूनही गेलं. पण हारिस समोर उभा होता. सड आलीय, कडेच्या खांबांवरच आहे, रोगट भाग कापला आणि वरून पाणी बंद केलं तर बाकीची बाग वाचेल, आणि वरून पाणी माझ्या सांगण्यावरून पडत होतं, असं त्यानं सगळं सांगून टाकलं.

अबू फहदनं किती खांब गेले ते विचारून घेतलं. मग अबू फहद म्हणाला, "तुमने बोला, उसने किया. ठीक है. हारिस रहेगा, बाग भी रहेगा. काटो. उसके बाद तुम मत आना. फोटो भी नहीं. यल्ला." चला, आटपा म्हणायचं, आणि त्यानं फोन ठेवला.

दोघांनी कापायला घेतलं. प्रत्येक कापाआधी चाकू स्पिरिटनं पुसायचा, आतला गाभा स्वच्छ लागेपर्यंत खाली जायचं, कापलेल्या तोंडाला बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावायची, तुकडे पोत्यात. हारिसला एकदाच सांगावं लागलं. फळांनी लगडलेल्या फांद्याही त्यातच गेल्या. अर्धी हिरवी, अर्धी गुलाबी फळं जमिनीवर पडत होती. अजून थोडे दिवस मिळाले असते तर पिकली असती. अवधूतचे हात भरून आले होते आणि डोळेही. ह्या बागेचे फोटो आता येणार नव्हते. किती वर्षं फोन बंद व्हावा म्हणून तो तडफडला होता, आणि आता ह्या एका फोनचं त्याला वाईट वाटत होतं.

काम झाल्यावर पिंपाशी हात धुऊन हारिसनं त्यातलंच एक फळ चिरलं. आतला गर पांढरा, कडक, काळ्या बियांचा. मोठी फोड त्यानं अवधूतच्या हातावर ठेवली, छोटी आपण घेतली.

फोड पाणचट होती. चव अशी काही नव्हतीच.

"मीठा है, साहब," हारिस म्हणाला.