एकशे अठरा जुळले

परळच्या एका मोठ्या इस्पितळात चौतीस वर्षं वॉर्डबॉय म्हणून राबलेल्या राजरत्नकाकांची एक खोड होती. खोटं नाव लिहिण्याआधी ते खरं लिहून घेत.

रिटायर झाल्यावर त्यांनी ब्लॉग सुरू केला होता. 'सात नंबरचा वॉर्ड'. स्ट्रेचर ढकलताना कानावर पडलेलं, बेडपॅन उचलताना दिसलेलं, नातेवाईक चहाला खाली गेल्यावर पेशंटने हळूच सांगितलेलं, असं सगळं त्यात होतं. खऱ्या माणसाची गोष्ट असली, की ती ते आधी ड्राफ्टमध्ये खऱ्या नावागावासकट लिहीत आणि तशीच ठेवून देत. मग तीच नव्या पोस्टमध्ये उतरवून नावं बदलत, गाव बदलत, आणि तेवढीच प्रसिद्ध करत.

"खरं नाव लिहिल्याशिवाय माणूस डोळ्यापुढे उभा राहत नाही गं," ते म्हणत. "एकदा उभा राहिला, की मग त्याला दुसरा सदरा चढवायचा."

अपेक्षा त्यांच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायची. मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमध्ये तिचं ऑफिस, आणि काम वेबसाईटींचं. ब्लॉग ठेवणाऱ्या कंपनीने महिनाअखेर दुकान बंद करत असल्याची मेल पाठवली, तेव्हा काका मोबाईल हातात धरून तिच्या दारात आले होते.

"अप्पू, माझा वॉर्ड पाडतायत."

"टेन्शन नाय काका. एक्सपोर्टचं बटण असतं. सगळं एका फाईलमध्ये उतरतं. मी त्याच्या साध्या मजकुराच्या फाईली करते, मार्कडाऊन म्हणतात त्याला. मग कुठलीही कंपनी बुडू दे, तुमचं लिखाण तुमच्याकडे."

"त्यात माझं कच्चंपण आहे हां. खऱ्या नावांचं. ते कुणाला दिसता कामा नये."

"ते येतच नाही त्यात," अपेक्षा म्हणाली.

हे तिने तपासून सांगितलं नव्हतं. लॅपटॉपवरून नजरही उचलली नव्हती. तोंडाला आलं आणि तिने सांगून टाकलं, रिक्षावाला मीटर चालू आहे म्हणून सांगतो तसं.

रविवारी सकाळी तिने काम उरकलं. ब्लॉगवरून उतरवलेली दोन-अडीच एमबीची एक्सएमएल फाईल. आत दोनशे तीन नोंदी एकाखाली एक, प्रत्येकीत शीर्षक, तारीख, मजकूर, टॅग. तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली: फोटोंच्या नोंदी सोड, फक्त पोस्ट घे, एकेका पोस्टची एक फाईल कर. फाईलच्या माथ्यावर तीन रेघांच्या दोन ओळी आणि त्यांच्यामध्ये शीर्षक, तारीख, टॅग. हे फ्रंट मॅटर. खाली मजकूर. जुन्या पत्त्यांमध्ये मराठी अक्षरांची टक्केवारीच्या चिन्हांनी पार खिचडी झालेली, म्हणून फाईलचं नाव तिने शीर्षकावरून बनवलं. आणि वर एक खबरदारी: त्या नावाची फाईल आधीच असेल, तर तिला हात लावू नकोस, पुढे जा. मध्येच थांबवून पुन्हा चालवलं तर काही पुसलं जायला नको म्हणून.

एकशे अठरा फाईली निघाल्या. जुन्या ब्लॉगवर आकडा पाहिला. एकशे अठरा! जुळलं. उरलेले पंच्याऐंशी फोटो असतील, तिने ठरवून टाकलं. चार फाईली उघडल्या. तारखा नीट, काना-मात्रा नीट. नवी साईट चढवली, लिंक काकांना पाठवली, काकांनी ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली. काकांच्या बायकोने, मायाकाकूंनी, वाटीभर शिरा पाठवला. अपेक्षाने तो चाटूनपुसून खाल्ला.

मंगळवारी दुपारी, ऑफिसात डबा उघडला तोच फोन.

"अप्पू, सुमनच्या गोष्टीत सुनेत्रा आहे गं."

"म्हणजे?"

"म्हणजे सुमन असायला हवी होती." काकांचा आवाज फार सावकाश येत होता. "लालबागला पोळी-भाजी केंद्र आहे ना, ती सुनेत्रा. तिच्या पोराने वाचलं. वरदने."

अपेक्षाने तिथेच एक्सएमएल उघडली. 'रविवारची पेशंट' हे शीर्षक शोधलं. दोन वेळा सापडलं. एका नोंदीत स्थिती: प्रसिद्ध. दुसरीत: ड्राफ्ट. तिच्या स्क्रिप्टने ती ओळ वाचलीच नव्हती. ड्राफ्ट आधी लिहिलेला, म्हणून फाईलमध्ये आधी आला, त्याची फाईल आधी झाली. मागून खरी पोस्ट आली, तर त्या नावाची फाईल हजर. हात लावू नकोस, पुढे जा. असं एकाहत्तर वेळा झालं होतं. फोटो चौदाच होते. आकडा जुळला होता, माणसं बदलली होती.

फ्रंट मॅटरमध्ये 'ड्राफ्ट: होय' एवढी एक ओळ घातली असती, फाईलची नावं वेगळी ठेवली असती, तर ही पानं साईटवर उमटलीच नसती.

तिने साईट उतरवली. फाईली सगळ्यांना दिसतील अशा जागी ठेवल्या होत्या. तिथे पान पुसलं तरी जुनी नोंद बदलांच्या इतिहासात शाबूत राहते, म्हणून ती जागाच मुळासकट काढली, लॅपटॉपवरच्या एकशे अठरा फाईलींसकट. डब्यातली भेंडी तशीच राहिली.

संध्याकाळी काकांच्या खोलीत गेली, तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बहुतेक कुठेतरी जाऊन आले होते.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

आणि अपेक्षाच्या तोंडून निघालं, "कंपनीची फाईलच गंडलेली होती, काका."

काकांनी मान डोलावली. लगेच विश्वास ठेवला. चौतीस वर्षं डॉक्टर सांगतील त्यावर विश्वास ठेवलेला माणूस तो.

"मी तिला तेच म्हटलं. मशीनची गडबड असेल. पण खरं म्हणजे चूक माझी. लिहिलंच कशाला? एकवीस वर्षांपूर्वी जीव द्यायला निघालेल्या त्या बाईला शब्द दिला होता, की तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. निघालं ना?"

"ती काय बोलली?"

"काय बोलणार? पोळ्या लाटत होती. म्हणाली, 'दादा, तुम्ही पण?'"

मायाकाकू आतून म्हणाल्या, "सकाळपासून घोटभर चहा नाय घेतलेला यांनी. मोबाईल कपाटात टाकलाय. म्हणतात, आता एक अक्षर लिहिणार नाय."

अपेक्षा उठली. दारापर्यंत गेली. चपलेत पाय घातला, परत काढला.

"काका, कंपनीची फाईल बरोबर होती. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, ड्राफ्ट म्हणून. मी वाचलं नाही. तुम्ही मला सांगितलं होतंत, आणि मी न बघता म्हटलं, येतच नाही. आत्ता पण खोटं बोलले."

काकांनी गळ्याचं बटण सोडलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मग मला कशाला सांगतेस?" ते म्हणाले. "शब्द तिला दिला होता. तिला सांग."

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली. दुपारी तीनला, जेवणाची गर्दी सरल्यावर, दोघं केंद्रावर गेली. अपेक्षाच्या खांद्याला लॅपटॉप. सुनेत्रा पन्नाशीची, कपाळाला पीठ, हात कोपरापर्यंत तेलकट. काकांना बघून तिने स्टूल पुढे केलं.

"ताई, मी अपेक्षा. ती चूक यांची नाही, माझी आहे," अपेक्षाने सुरुवात केली, आणि सगळं सांगितलं. दोन नोंदी, एक नाव, आधी आलेली फाईल, न वाचलेली ओळ.

"मला त्यातलं काय कळत नाय," सुनेत्रा म्हणाली. "एवढं कळलं की ह्यांनी झाकून ठेवलेलं आणि तू उघडलंस."

"हो."

"वरदने काय विचारलं, माहितीये? पोलीस झाले, वकील झाले, नवरा-सासू झाली, सगळ्यांनी काय काय विचारलेलं मला तेव्हा. त्याने एवढंच विचारलं, 'आई, मी तेव्हा होतो का गं?'" तिने ओट्यावरचं पीठ तळहाताने गोळा केलं. "तीन वर्षांचा होता. पाळण्यातला असता तर सांगितलं असतं, तू जन्मला नव्हतास. पण त्या लिखाणात आहे ना, पोर बाकड्यावर बसून बिस्कीट खात होतं म्हणून. खोटं कसं बोलू?"

"काय सांगितलंत?" अपेक्षाने विचारलं.

"होतास, म्हटलं. तेव्हापासून जेवतो, कामावर जातो, माझ्याकडे बघत नाय."

काकांनी खाली बघितलं. अपेक्षाला वाटलं, माफी मागावी. पण नुसत्या शब्दाने इथे काय होणार होतं? माफी ही तर पुन्हा स्वतःचीच सोय.

"मूळ फाईल माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "कंपनीकडचं महिनाअखेर जाणार. म्हणजे खऱ्या नावाचं तुमचं पान फक्त ह्या लॅपटॉपमध्ये. तुम्ही सांगाल ते करते."

"पुसता येतं?"

"हो. तुमच्यासमोर."

"आणि बाकीच्यांचं? किती आहेत?"

"सत्तर."

"त्यांना कोण सांगणार?"

काकांनी मान वर केली. "मी सांगेन. जे सापडतील, त्यांना."

"मी पण येईन," अपेक्षा म्हणाली. कुणी 'ये' म्हटलं नाही.

सुनेत्राने हात धुतले, पदराला पुसले, चष्मा शोधला. "आधी दाखव. सगळ्यांनी वाचलं, मी कुठे वाचलंय."

लॅपटॉप पोळपाटाच्या शेजारी ठेवला. एक्सएमएलमधल्या कंसांच्या गर्दीतून अपेक्षाने मजकुराची सुरुवात दाखवली. सुनेत्रा बोट लावून वाचत होती, शाळेत वाचतात तशी, ओठ हलवत. एक गिऱ्हाईक आलं. काकांनी त्याला हाताने थांबवलं. ते गेलं.

वाचता वाचता एके ठिकाणी बोट थांबलं.

"दादा, हे काय? 'शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, पोराला कुणी खायला दिलं का.' असं विचारलेलं मी?"

"विचारलंस. बिस्कीट मीच दिलं होतं. सांगितलं तुला, तेव्हा झोपलीस."

"मला आठवत नाय."

"कसं आठवेल. मला आठवतं."

सुनेत्रा तेवढीच ओळ पुन्हा वाचत राहिली. मग अपेक्षाकडे वळली.

"हे तुझ्या त्या साईटवर होतं? वरदने वाचलंय?"

"होतं, ताई. ड्राफ्टच चढला होता, अख्खा."

"मग वाचून पण बघत नाय माझ्याकडे." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. चष्मा काढला. "ही एक ओळ कागदावर लिहून दे मला. हाताने. नाव घालू नको. बाकी पूस."

अपेक्षाने बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर ती ओळ लिहिली. अक्षर वाकडं आलं. हाताने लिहायची सवय राहिली नव्हती. मग सुनेत्राच्या देखत ती नोंद सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत निवडली आणि पुसली. फाईल जतन केली. शोधाच्या चौकटीत सुनेत्राचं नाव टाकलं. शून्य सापडले.

सुनेत्राने कागदाची चौघडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि परातीकडे वळली. संध्याकाळच्या पोळ्या व्हायच्या होत्या.

"चहा घेऊन जा, दादा," ती पाठमोरीच म्हणाली.

एकच कप आला. काकांनी तो बशीत ओतला, अर्धा अपेक्षापुढे सरकवला, आणि विचारलं, "सत्तरातलं पहिलं नाव कुणाचं आहे?"