वजन जुळलं, हंडे नाहीत

आमच्या भांडीबाजारात किस्से गोळा करायला कुणाला घराबाहेर पडावं लागत नसे. घरं समोरासमोर, खिडक्या उघड्या, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की सगळा बाजार बोलायला मोकळा. मी मराठी चौथीपर्यंत शिकले, वर्तमानपत्र वाचता येई. पण त्यात दामूशेठबद्दल काही छापून येत नसे, आणि माझी खिडकी त्यांच्या दुकानासमोरच होती.

त्या वर्षी दसरा होऊन गेला होता. सकाळी नळावर नंबर लावून उभी होते. पुढे दोघी बोलत होत्या.

"दामूशेठचा निम्मा माल गेला म्हणे. मागच्या दारानं. आणि गेला कुठं ठाऊक आहे? वामनरावांच्या..."

एवढ्यात नळाला पाणी आलं आणि ती बाई घागर घेऊन धावली. पुढचं वाक्य तिच्या घागरीत बुडालं. मी दिवसभर अस्वस्थ. वामनरावांच्या काय? घरी? खिशात? सासुरवाडीला?

वामनराव म्हणजे दामूशेठचे गुमास्ते, दुकानाचं सगळं लिहिणं त्यांच्याकडे. चहासुद्धा विचारल्याशिवाय पीत नसत. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न त्याच वैशाखात झालेलं, आणि जावयाचा पहिला दिवाळसण तोंडावर आलेला.

* * *

दामूशेठना एक शब्द फार आवडे. स्टॉक. देवळालीच्या कॅम्पात कुणा साहेबाला पितळी पिंप विकायला गेले होते, तिथून तो शब्द घेऊन आले. तेव्हापासून साठ्याच्या वहीला ते 'स्टॉकबुक' म्हणत. त्यांच्या आई, माई, त्याला 'दामूचं टाकबुक' म्हणत.

पितळेची भांडी वजनावर विकतात, म्हणून साठाही वजनावर लिहायचा. आला माल किती मण, गेला किती शेर, उरला किती. वर्षाचा हिशेब दिवाळीच्या पाडव्याला नवा व्हायचा. आदल्या पाडव्याला दामूशेठनी वही पुढे ओढली आणि वामनरावांना म्हणाले, "एवढं कशाला लिहिता? गिऱ्हाईक मोडीत घालायला जुनी चार शेराची घागर देतं, नवी पाच शेराची नेतं. तुम्ही मोड चार शेर जमा लिहिता, नवी पाच शेर खर्ची लिहिता. दोन ओळी. शाई फुकट येते का? फरक लिहा. एक शेर गेलं, संपलं."

"शेठ, पण मोड वेगळी आणि..."

"पितळ ते पितळ, वामनराव. वजन खोटं बोलत नाही."

वामनरावांनी फरक लिहायला सुरुवात केली. माझ्या खिडकीतून मी हे ऐकलं आणि मला तर फार हुशारीचं वाटलं.

* * *

ती मंदीची वर्षं. रोख पैसा कुणाजवळ नव्हता. लोक आजीच्या वेळची पोचे पडलेली भांडी घेऊन येत, मोडीत घालत, आणि वरचा फरक तेवढा देत. वर्षभर हेच चाललं. नवं भांडं पुढच्या दारानं जाई आणि मोड मागच्या खोलीत पडे. दिवाळीनंतर ती एकदम तांबटांना विकायची, ही त्या घरची पद्धत.

स्टॉकबुकात भरपूर माल दिसत होता. त्या जोरावर दामूशेठनी धनत्रयोदशीसाठी हंड्यांच्या ऑर्डरी घेतल्या. लासलगावच्या एका कांदा-व्यापाऱ्याच्या बाईंना तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "बाई, तुमचे बाजूला काढून ठेवतो." आणि तांबट आळीतल्या सखाराम तांबटानं यंदा किती घडवू म्हणून विचारलं, तर त्याला म्हणाले, "स्टॉक आहे. पाडव्यानंतर बघू."

मग आश्विन वद्य लागला आणि दामूशेठ सणाचा माल मांडायला शिडीवर चढले. वरच्या फळीवर उतरंडीच्या मागे हंडे असतील म्हणून त्यांनी पुढची पातेली काढली. मागे भिंत होती.

मी समोरून पाहत होते. माणूस फळीवर हात ठेवून किती वेळ भिंतीकडे बघू शकतो, ते त्या दिवशी कळलं.

* * *

त्यांनी मोठा तराजू टांगला. नवी भांडी एकेक करून तोलली. वही म्हणत होती त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त भरलं.

वामनराव पांढरे पडले. दामूशेठनी आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट होतं.

"वही तुमच्या हातची, किल्ली तुमच्याकडे. धनत्रयोदशीपर्यंत मला माल दाखवा, नाहीतर पाडव्याला नव्या वहीला हात लावू नका."

नळावरची ती बाई बहुधा त्या वेळी दुकानाच्या पायरीशी असावी. नाहीतर एवढं तपशीलवार कळायला मार्गच नव्हता. मला मात्र खिडकीतून अर्धंच ऐकू आलं, म्हणून दुसऱ्या दिवशी, नळावरचं ते वाक्य ऐकल्यावर, संध्याकाळी मी हळद मागायच्या निमित्तानं माईंकडे गेले. माई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "गोदे, हळद तुझ्या घरात माझ्यापेक्षा जास्त आहे. बस आणि गप्प ऐक."

वामनराव म्हणत होते, "शेठ, एक विनंती. मागची खोलीही तोला."

"ती मोड आहे."

"तोला तर खरं."

मोड तोलली. चेपलेल्या पराती, गळके तांबे, बूड गेलेल्या घागरी. काट्यावर वजन चढत गेलं. शेवटची परात टाकली, दामूशेठनी बेरीज केली, पुन्हा केली. नवं आणि मोड मिळून वहीतल्या आकड्याला अगदी नेमकं जुळलं.

मग वामनराव उपरण्यानं मान पुसत म्हणाले, "फरक लिहा असं कुणी सांगितलं होतं, ते मी म्हणत नाही."

* * *

वजन जुळलं, पण हंडे नव्हते. धनत्रयोदशीला गिऱ्हाइकाच्या हातात बूड गेलेली घागर देऊन चालत नाही.

दामूशेठ टोपी न घालता तांबट आळीत गेले. हे मी पाहिलं नाही, सखारामाच्या बायकोनं सांगितलं. दामूशेठ म्हणाले, "ही सगळी मोड घे आणि हंडे दे."

सखाराम हातोडी न थांबवता म्हणाला, "शेठ, मोड वितळवायची, पत्रा वढायचा, मग ठोकायचं. हंडा काय झाडाला लागतो? सण उंबऱ्यावर हाय. तुम्हीच म्हणला, स्टॉक हाय."

दामूशेठ खाली त्याच्या भट्टीजवळ बसले. बराच वेळ ठोकाठोकी ऐकत बसले म्हणतात. शेवटी सखारामालाच ओशाळल्यासारखं झालं.

"हंडे नाय. घागरी हायेत तयार, दुसऱ्याच्या ऑर्डरीच्या, त्यानं पैसं नाय दिलं. मोडीच्या बदल्यात घ्या. पर मोडीला बट्टा लागंल, वजनात कापीन, अन् घडणावळ, ठोकायची मजुरी, लय लागंल. सणाची हाय."

"वजनाला वजन दे ना, पितळ ते पितळच."

"मग मोडच विका गिऱ्हाइकाला," सखाराम म्हणाला.

दामूशेठनी घडणावळ मान्य केली. मोड सण झाल्यावर उचलायची ठरली.

* * *

घागरी आल्या तरी हंड्यांच्या ऑर्डरीचं काय? दामूशेठना वाटलं, आपण घरात बसावं आणि वामनरावांनी गिऱ्हाइकांना सांगावं. माईंनी आतून विचारलं, "छातीवर हात कुणी ठेवला होता?"

मग दामूशेठ स्वतः ओट्यावर उभे राहिले. एकेकाला म्हणाले, "हंडा नाही. माझी चूक. घागर घ्या, नाहीतर बयाणा परत." काही लोक रागावून गेले. लासलगावच्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, घागर बोटांनी वाजवून बघितली आणि म्हणाल्या, "हंड्यानं माझा चुलीवरचा कोनाडा भरतो. घागर ठेवली तर शेजारी जागा मोकळी राहील, तिथं तुमचं नाव लिहून ठेवावं लागेल." आणि घागर घेऊन गेल्या. दामूशेठनी तेवढ्या थंडीत घाम पुसला.

* * *

पण वामनराव सुटले नव्हते.

निम्म्या मालाचं कोडं सुटलं, पण दामूशेठना आता वजनावर विश्वास उरला नव्हता. त्यांनी वर्षभराच्या विक्रीच्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठीवर नवं भांडं कोणतं, मोड किती, हे वेगवेगळं असायचं. वहीत मात्र फरकच चढायचा. दोघांनी बसून सगळं परत लिहिलं, नवं नव्यात, मोड मोडीत, आणि या वेळी वजनासोबत नगही. मग फळीवरचे नग मोजले.

सगळं जुळलं. एक घंगाळ सोडून. नव्यात एक घंगाळ कमी, आणि मोडीत नेमकं तेवढ्याच वजनाचं एक जुनं जास्त. चिठ्ठी नाही.

धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. कुणीतरी आपलं जुनं आत टाकून नवं उचललंय, बट्टा आणि घडणावळ बुडवून. एकूण वजन जुळतं, म्हणून काटा ते पकडत नाही. आणि हे करायला आतला माणूस लागतो.

दामूशेठ मोडीच्या खोलीत गेले आणि ते जुनं घंगाळ शोधून काढलं. कडीजवळ राळेचं ठिगळ. वामनरावांनी ते पाहिलं आणि भिंतीला टेकले.

"हे माझ्या घरचं," ते म्हणाले. "पण मी आणलं नाही, शेठ. मुलीच्या शपथेवर."

धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. बाजारात पणत्या लागत होत्या, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि दोघं मोडीच्या खोलीत. मी माईंच्या शेजारी, उंबऱ्याच्या आत. माझ्या हातात वाटी होती, आणि या वेळी मी हळदसुद्धा मागितलेली नव्हती.

"तुमच्या घरी नवं घंगाळ आहे का?" दामूशेठनी विचारलं.

"बायकोनं माळ्यावर काहीतरी झाकून ठेवलंय. दिवाळीपर्यंत बघू नका म्हणाली."

दामूशेठनी डोळे मिटले. नळावरचं वाक्य माझ्या डोक्यात पुरं झालं. मागच्या दारानं, वामनरावांच्या घरी.

माईंनी जपमाळ गोमुखीत ठेवली.

"जावई पहिल्या दिवाळीला येणार, आणि त्याला गळक्या घंगाळात आंघोळ घालणार का रे? वामनरावांच्या बायकोनं जुनं आणून दिलं, मी नवं दिलं. मागच्या दारानं, कारण पुढं तू बसला होतास."

"माई, अगं लिहायचं तरी."

"काय लिहू? दोन्ही तोलली मी. फरक काही आला नाही."