राजकोटची दुपार आणि एक बांधणी

नागपुरात कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा मसुदा वाचून वकीलसुद्धा मान डोलावतात. सबब, परमुलखातील एका लॉजच्या मॅनेजरने मला बाजाराचे नियम शिकवावेत, हे त्या दिवशी माझ्या पचनी पडले नाही.

द्वारकेचे दर्शन आटोपून आम्ही उभयता राजकोटला उतरलो होतो. वार शनिवार. धाकट्या मुलीच्या साक्षगंधासाठी अस्सल बांधणीची साडी आणण्याचा शब्द सौभाग्यवतींनी तिला दिला होता आणि परतीची गाडी त्याच संध्याकाळची होती. मॅनेजरने खोलीची किल्ली देतानाच बजावले, "काका, एक से चार बाजार बंद रहता है. कल रविवार, पूरा बंद. जो लेना है, सुबह ले लो."

मी स्मित केले. आमच्या सीताबर्डीवरचा दुकानदार गल्ल्यामागे बसून डबा खातो, परंतु शटर पाडत नाही. भर दुपारी गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवणारा व्यापारी या देशात असू शकेल, हे मला संभवनीय वाटले नाही.

सबब आम्ही आरामात साडेबाराला बाजार गाठला. एका दुकानात लाल-हिरवी बांधणी निघाली. रंगवताना बांधलेल्या दोऱ्याच्या गाठी अजून तशाच होत्या; दुकानदाराने पदराचे एक टोक ताणताच तेवढ्यापुरत्या त्या तडतड सुटल्या आणि खाली पांढरे ठिपके उमलले. सौभाग्यवती मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "हेच घ्या. पोरीले शोभते."

मी मात्र भावाची घासाघीस लांबवली. अखेरचा उपाय म्हणून, "रहने दो," असे खणखणीत उच्चारून उठलो. नागपुरात गिऱ्हाईक पायरी उतरले की मागून हाक येते आणि भाव खाली येतो. मी मुद्दाम सावकाश पायऱ्या उतरलो. मागून हाक आली नाही. शटरचा खडखडाट आला.

"चार बजे आना, काका," कुलूप लावता लावता दुकानदार म्हणाला आणि स्कूटरवर बसून घरी जेवायला गेला. पाहता पाहता अख्खी गल्ली बंद झाली.

"आता काहून गप्प बसले?" सौभाग्यवती म्हणाल्या. "अन् त्यानं चारलेबी नाही उघडलं तं? पोरीले काय तुमचा अर्ज नेसवू?"

मी गंभीरपणे भोजनाचा प्रस्ताव मांडला. खानावळ तेवढी उघडी होती.

तेथील थाळीची रीत अशी, की आपण काही मागायचेच नाही. वाढपी रांगेने येतात आणि रिकामी वाटी दिसली की भरतात. गोड पदार्थ पहिल्या घासालाच पानात पडतो, तो शेवटासाठी राखून ठेवला, तर वाढपी काळजीने विचारतो, "मिठाई ठीक नहीं है?" मग तोही संपवणे आले. पानात टाकू नये, या संस्कारातला मी. वाटी चाटूनपुसून रिकामी करी. रिकामी वाटी म्हणजे आणखी वाढा, असा तेथील अर्थ. मी तोंडाने "नको, नको" म्हणत राहिलो. पाहुण्याचा पहिला नकार आपल्याकडेही कोणी हिशेबात धरत नाही. कढी आली, फुलके आले, पुन्हा ढोकळा आला.

"अवो, थांबा नं! सुटले हायेत काय?" सौभाग्यवती कुजबुजल्या.

"मी कुठं मागून राहिलो? तेच वाढून राहिले नं वं!"

त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिले. तिथले गृहस्थ थाळीवर नुसता पंजा आडवा धरून निवांत बसले होते. सौभाग्यवतींनी उठून माझाच हात माझ्या थाळीवर दाबून धरला आणि वाढप्याला म्हणाल्या, "अब सीधा चावल लाओ." भात आला म्हणजे फुलके थांबतात, हेही त्यांनी एव्हाना हेरले होते. वर ताक पिऊन मी सुटलो.

बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो तो डोळा लागला. लॉजमधील सामान आणायलाही सौभाग्यवतीच गेल्या. शटरच्या आवाजाने जागा झालो, तेव्हा चार वाजून गेले होते आणि सौभाग्यवती सामानाच्या दोन्ही पिशव्यांसह दुकानात शिरत होत्या.

दुकानदार झोपून ताजातवाना झाला होता. "जमी लिया, काका?" जेवण झाले का, असे त्याने आपुलकीने विचारले आणि तीच बांधणी पुढे ठेवून मघाचाच भाव सांगितला. मी घसा साफ केला. "आपण कृपावंत होऊन सदरहू किमतीचा..." इथवर पोचलो. तेवढ्यात सौभाग्यवतींनी सांगून ठेवलेली स्टेशनची रिक्षा दारात येऊन भोंगा वाजवू लागली.

सौभाग्यवतींनी दोन्ही पिशव्या उंबऱ्यात आडव्या टाकल्या आणि त्यांवर ठाण मांडून बसल्या.

"उतरा आता पायरी," त्या म्हणाल्या. "पाहू कसे उतरता."

मी मोबाइल काढला आणि मुकाट्याने पूर्ण रक्कम पाठवली. दुकानदाराने साडीची घडी घातली. उरलेल्या गाठी न सोडता तशाच राहू द्या, घरी मुलीच्या हातून सोडवू, असे सौभाग्यवतींनी त्याला सांगितले.