दिल्या घरची आत्या

धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा तिची पस्तिशीही उलटली नव्हती. कात्रपच्या तिच्या फ्लॅटवर जो येई तो एकच विचारी, "हिला कशी झाली? हिने कोणाचं काय वाईट केलं?" मला अशा माणसांना चहासुद्धा द्यावासा वाटत नसे. गाठीचा प्रकारही वाईट, हार्मोनच्या गोळ्यांना न जुमानणारा. वय आणि हा प्रकार बघूनच मुंबईच्या डॉक्टरांनी तिला जेनेटिक काउन्सेलरकडे पाठवलं. बरोबर मी आणि बाबा गेलो.

काउन्सेलर तरुण मुलगी होती. कागदावर गोल आणि चौकोन काढत ती एकेका नातेवाइकाची चौकशी करत होती. कोणाला स्तनाचा कॅन्सर? अंडाशयाचा? कितव्या वर्षी? पुरुषांपैकी कोणाला? आईकडची माणसं झाली, सगळी ठणठणीत. मग तिने बाबांकडे पाहिलं.

"आमचे घरान कोनालाच नाय," बाबा म्हणाले.

"तुमच्या बहिणी?"

"एक व्हती. पन ती दिल्या घरची झाली. ती आमच्यान नाय येत."

आमच्या आगरी घरात हे कोणालाच वावगं वाटलं नसतं. मुलगी दिली की तिचं कूळ बदललं, गोत बदललं, मग रक्त तरी कशाला राहील? पण मला आत्या आठवली. चाळिशीतच तिच्या पोटात पाणी झालं, आणि सरकारी दवाखान्यातून अंडाशयाची गाठ असं ऐकून आम्ही परतलो होतो. मी ते सांगितलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चारचौघांत त्यांचं धोतर फेडलं.

काउन्सेलर शांतपणे म्हणाली, "हे बापाकडूनही तसंच येतं, जसं आईकडून. लग्नाने जीन बदलत नाहीत."

बहिणीचं रक्त तपासायला गेलं. कॅन्सर झालेल्या माणसाची तपासणी आधी, म्हणजे दोष सापडला तर बाकीच्यांत फक्त तोच शोधायचा. काही आठवड्यांनी तो सापडला, बीआरसीए-वन नावाच्या जीनमध्ये. मग बाबांचं रक्त दिलं, त्यांच्यातही निघाला. माझंही दिलं, त्याचा अहवाल अजून यायचा होता. मला तो असण्याची शक्यता निम्मी आहे, असं तिने सांगितलं. असला तरी कॅन्सर होईलच असं नाही, पण लवकर कळलं तर नियमित तपासण्या करता येतात, मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढून टाकता येतात. "आत्यांना मुलगी आहे का? तिला नक्की सांगा," असं ती दोनदा म्हणाली.

मुलगी होती, उल्हासनगरात. पण आमचं जाणंयेणं नव्हतं. आत्याच्या तेराव्याला बाबांनी भर मांडवात तिच्या सासरच्यांना सुनावलं होतं, "तुमीच मारली तिला. उपाशी ठेवून मारली." तेव्हापासून तोंड बघणं बंद.

मी म्हटलं, "बाबा, तिला सांगायला हवं."

"नको." ते भिंतीकडे बघत होते. "ते म्हनतील तुमच्याच रगतान व्हता, आनी बोलत व्हतास आमाला."

"म्हणू देत. खरंच तर आहे."

बाबा रडायला लागले. मला कीव आली नाही, राग आला. माझी बहीण केमोनंतर बादलीपाशी बसून होती, आणि हा माणूस एका जुन्या भांडणात जिंकायचं बघत होता.

मी एकटीच गेले. आतेबहीण उल्हासनगरच्या एका गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसते. तिने मला ओळखलं, "ताई!" म्हणत मशीन थांबवलं आणि शेजारचं स्टूल पुढे केलं. रिक्षात घोकलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं: बहीण, आत्या, बाबा, तपासणी. ती ऐकताना परकराची नाडी सैल करत होती.

"काय होतंय?" मी विचारलं.

"गॅस, यार. दोन महिने झाले, पोट नुसतं टम्म. केमिस्टवाला गोळी देतो. दोन घास खाल्ले की बस, भर जाता है."

आत्याच्या पोटातलं पाणी मला आठवलं. गॅसही असू शकतो, मी स्वतःला सांगत राहिले. "डॉक्टरला दाखवलंस? सोनोग्राफी केलीस?"

"कशाला?" ती हसली. "आईला तर माझ्या बाबांनी उपाशी ठेवलं म्हणून झालं ना? मामाच बोलला होता, सगळ्यांसमोर. म्हणून मी कधी उपाशी राहत नाही. आताही जेवण जात नाही, तरी दोन वेळा जबरदस्ती जेवते. मला कसं होईल?"

तिच्या मशीनचा दिवा मी बंद केला आणि तिला म्हटलं, "ऊठ. आपल्याला आत्ता जायचंय."